अल निनोची बातमी वाचायची कशी? हौदाच्या कडेला झालेलं बोलणं

२०२३चा जून. पुण्यातली नोकरी सोडून लातूर जिल्ह्यातल्या आमच्या सहा एकरांत उतरून मला एकच हंगाम झाला होता. मोसमी पाऊस ८ जूनला केरळात पोचला, म्हणजे नेहमीपेक्षा आठवडाभर उशिरा. नेमकं त्याच दिवशी अमेरिकेच्या हवामान संस्थेने अल निनो सुरू झाल्याचं जाहीर केलं. मग पाऊस ११ तारखेला रत्नागिरीपर्यंत आला आणि तिथेच अडकला, कारण अरबी समुद्रातल्या बिपरजॉय वादळाने सगळी ओल स्वतःकडे ओढून घेतली होती. गावाच्या ग्रुपवर रोज नवा मजकूर फिरत होता: "यंदा पाऊस नाही, जनावरं विका."

आमच्या बांधाला बांध लागून तात्यांचं रान आहे. चाळीस वर्षं शेती केलेला माणूस. दारात पर्जन्यमापक, खुंटीला वही, आणि कृषी विज्ञान केंद्राची एकही बैठक चुकवलेली नाही. मी बियाण्याच्या पिशव्या आणून ठेवल्या होत्या आणि पेरू की नको हे विचारायला त्यांच्याकडे गेलो होतो. त्यांनी उत्तर दिलं नाही, विहिरीजवळच्या हौदाकडे नेलं. शेतीत नव्याने आलेल्यांना उपयोग होईल म्हणून ते बोलणं इथे मांडतो आहे. क्रम तात्यांचाच ठेवलाय. मला आधी आकडे हवे होते आणि त्यांनी ते शेवटपर्यंत दिले नाहीत, हेही खरं.

पहिली पायरी: हौदातला पाला कोणत्या काठाला लागलाय ते बघा

हौद वीसेक फूट लांब. त्या दिवशी वारा पश्चिमेचा होता आणि लिंबाचा सगळा पाला पूर्वेच्या काठाला जाऊन दाटला होता.

"पाला तिकडं का गेला?" तात्या.

"वाऱ्यानं ढकलला."

"नुसता पाला न्हाई, वरचं तापलेलं पाणीबी ढकललंय. आता दोन्ही काठांना हात घालून बघ."

मी हात घातला. पूर्वेच्या काठाला पाणी कोमट होतं, पश्चिमेला जरा गार. फरक थोडाच, पण हाताला कळणारा.

"वरचं पाणी सरकलं की त्याच्या जागी तळातलं गार पाणी वर येतं. प्रशांत महासागर म्हणजे असाच हौद. फक्त तिथला वारा उलटा, पूर्वेकडून पश्चिमेकडं. बारमाही. तो तापलेलं पाणी इंडोनेशियाच्या अंगाला गोळा करतो आणि पलीकडं, पेरूच्या किनाऱ्याला, तळातलं गार पाणी वर येतं."

नंतर मी वाचलं, तेव्हा हौदाची उपमा किती नेमकी आहे हे कळलं. वाऱ्याने रेटलेल्या पाण्यामुळे इंडोनेशियाकडची समुद्रपातळी दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापेक्षा साधारण अर्धा मीटर उंच असते. पश्चिमेला गरम पाण्याचा थर दीडशे-दोनशे मीटर खोल जातो, पूर्वेला तो जेमतेम पन्नास मीटर. पेरूजवळ वर येणारं गार पाणी आपल्याबरोबर तळातलं खतही आणतं, म्हणून तिथे अँकोव्ही नावाचा मासा अमाप होतो.

"आणि वारा पडला तर?" मी विचारलं.

"तू सांग की."

"पाला परत इकडं येईल."

"तेच अल निनो. वारा मंदावतो आणि रेटून ठेवलेलं गरम पाणी हळूहळू पूर्वेकडं घसरतं. महासागर ओलांडायला त्याला दोन-तीन महिने लागतात. मग पेरूचे कोळी बघतात की पाणी कोमट झालंय आणि मासा गायब. हे बहुतेक नाताळाच्या सुमारास दिसायचं, म्हणून त्यांनीच नाव ठेवलं बाळ येशूचं."

एक गोष्ट मात्र हौदात दाखवता येत नाही. वारा का पडतो? प्रशांतातला तो वारा गरम पश्चिम आणि गार पूर्व यांच्यातल्या हवेच्या दाबाच्या फरकावर चालतो. पूर्वेचं पाणी जरा तापलं की फरक कमी होतो, वारा मंदावतो. वारा मंदावला की पूर्व आणखी तापते. एकदा चक्र फिरलं की ते स्वतःला ढकलत राहतं आणि साठलेली उष्णता ओसरली की थांबतं, साधारण नऊ ते बारा महिन्यांत. पुढची उष्णता साठायला किती वेळ लागेल आणि कोणता वाऱ्याचा झोत तिला धक्का देईल याला ठरावीक वेळापत्रक नाही. म्हणून अल निनो कधी दोन वर्षांनी येतो, कधी सात. दर पाचव्या वर्षी येतो असं कुणी सांगत असेल तर ते सोडून द्या.

दुसरी पायरी: चूल सरकली की धूर कुठे उतरतो

माझा खरा प्रश्न वेगळाच होता. "तात्या, ते पाणी तिकडं पेरूला तापलं. मधे अख्खा महासागर, इंडोनेशिया, बंगालचा उपसागर. तिथून आपल्या सोयाबीनपर्यंत काय येतं? गरम पाणी तर येत नाही."

"पाणी येत न्हाई. हवा येते. चुलीवरचा धूर बघितलास का कधी, बंद घरातला?"

"वर जातो."

"वर जातो, आढ्याला लागतो, पसरतो, आणि पलीकडच्या भिंतीनं गार होऊन खाली येतो. आता चूल उचलून घराच्या मधे मांड. धूर मधे चढेल आणि आधी जिथं चूल होती त्या कोपऱ्यात उतरेल. कोपरा तोच, घर तेच. नुसती चूल सरकली."

इंडोनेशियाजवळचं गरम पाणी ही ती चूल. तिच्यावर हवा चढते, प्रचंड ढग होतात, धो-धो पाऊस पडतो. चढलेली हवा बारा-पंधरा किलोमीटर उंचीवर पसरते आणि दूरवर खाली उतरते. उतरणारी हवा दाबली जाऊन तापते आणि कोरडी होते. तिच्याखाली ढग धरत नाहीत. पेरूचा किनारा वाळवंटी राहण्यामागे गार समुद्राबरोबर हेही एक कारण आहे. अल निनोत चूल प्रशांताच्या मध्यावर सरकते. मग इंडोनेशिया, ऑस्ट्रेलियाचा पूर्व आणि उत्तर भाग आणि भारताचा बराचसा भाग उतरत्या हवेखाली येतो.

"म्हणून आपल्याकडं ढग येतात," तात्या म्हणाले, "पण वाढत न्हाईत. दुपारी कापसासारखे पुंजके दिसतात, संध्याकाळी इरून जातात. वरून झाकण ठेवल्यावाणी. आभाळ भरून येतं आणि थेंब न्हाई, असं आठ दिवस चाललं की समजायचं, झाकण बसलंय."

ही खूण मी २०२३च्या ऑगस्टमध्ये डोळ्यांनी पाहिली. तिच्याकडे पुढे येतोच.

हे कोडं सोडवायला सुरुवात झाली ती भारतातल्या दुष्काळामुळे. १८७७ आणि १८९९चे भीषण दुष्काळ होऊन गेले होते आणि पुढचा कधी पडेल हे आधी कळावं म्हणून इंग्रज सरकारने गिल्बर्ट वॉकर नावाच्या गणितज्ञाला १९०४ साली भारतातल्या हवामान खात्याचा प्रमुख म्हणून आणलं. त्याने जगभरच्या नोंदी चाळल्या आणि त्याला दिसलं की प्रशांताच्या एका बाजूला हवेचा दाब वाढला की दुसऱ्या बाजूला घटतो, तराजूच्या पारड्यांसारखा. त्यामागे समुद्राचं तापमान आहे हे त्याला कळलं नव्हतं. तो धागा १९६९ साली याकोब ब्यर्कनेस यांनी जोडला.

तात्यांना १९७२चा दुष्काळ आठवतो. ते तेव्हा शाळकरी होते आणि आई खडी फोडायला जायची. त्याच वर्षी पेरूत अँकोव्हीची मासेमारी कोसळली. त्या माशाची पूड जगभर कोंबड्यांना चारली जायची. ती मिळेनाशी झाली आणि खरेदीदार सोयाबीनच्या पेंडीकडे वळले, भाव भडकले. तात्यांची आई खडी फोडत होती आणि पलीकडच्या गोलार्धात सोयाबीन महाग होत होतं, कारण एकच. हे त्यांना सांगितलं तर म्हणाले, "भाव आपल्याला कधी मिळाला म्हणा."

तिसरी पायरी: आता आकडा बघा, पण कोणता ते ओळखून

"बातमीत लिहिलंय, समुद्र दीड अंशानं तापला," मी म्हणालो. "दीड अंशात असं काय होतं? आपल्याकडं सकाळ-दुपारमधे पंधरा अंशांचा फरक पडतो."

"दूध किती अंशाला उतू जातं?"

"शंभरच्या जवळपास."

"आणि त्याच्या दोन अंश अलीकडं?"

"नाही जात."

इथे तात्या अगदी मर्मावर बोलले होते. उष्ण समुद्रावर उंच, पावसाचे ढग व्हायला पाणी साधारण साडेसत्तावीस-अठ्ठावीस अंशांच्या वर लागतं. मध्य प्रशांताचं सरासरी तापमान सत्तावीसच्या आसपास, म्हणजे उंबरठ्याच्या जरा अलीकडे. तिथे एक-दीड अंश वाढला की सगळा पट्टा उंबरठा ओलांडतो. तोच दीड अंश पंधरा-वीस अंशांच्या गार समुद्रात वाढला असता तर ढगाला काही कळलंही नसतं.

बातमीत जो आकडा असतो तो बहुतेक 'निनो ३.४' या पट्ट्याचा. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच अंश, आणि १७० ते १२० पश्चिम रेखांश. क्षेत्रफळ काढून पाहिलं, तर भारताच्या जवळजवळ दुप्पट. आकडा म्हणजे तिथलं तापमान नव्हे. नेहमीपेक्षा किती जास्त वा कमी, तो फरक. अमेरिकेची संस्था अर्धा अंश ही सीमा धरते आणि तीन महिन्यांची सरासरी सलग पाच वेळा त्या वर राहावी, अशी तिची अट आहे. चालू वर्षात मात्र तसं होण्याची लक्षणं आणि वाऱ्यातला बदल दिसला की ती घोषणा करते. ऑस्ट्रेलियाचं खातं ०.८ अंशाची सीमा धरत होतं. म्हणून २०२३मध्ये अमेरिकेने ८ जूनला अल निनो जाहीर केला आणि ऑस्ट्रेलियाने १९ सप्टेंबरला. ग्रुपवर "एक म्हणतो आलाय, एक म्हणतो नाही, सगळे फसवतात" असा मजकूर आला होता, तो या फरकामुळे. फसवत कुणी नव्हतं.

नवख्याने इतकंच करावं: आकडा एका आठवड्याचा आहे की तीन महिन्यांचा ते बघावं, आणि तो मागच्या महिन्यापेक्षा चढतोय की उतरतोय ते बघावं. आपल्या हंगामाला चढता अल निनो जड जातो. डिसेंबरात शिखर गाठून उतरणीला लागलेल्याची भीती जूनमध्ये बरीच कमी असते.

चौथी पायरी: बातमी कोणत्या महिन्यातली

मार्च-एप्रिलमधल्या अल निनोच्या अंदाजावर बियाणं ठरवू नका. त्या दिवसांत प्रशांत दोन हंगामांच्या सांध्यावर असतो आणि छोट्या झोताने कुठल्याही बाजूला कलतो. शास्त्रज्ञ याला वसंतातला अडथळा म्हणतात. २०१४च्या वसंतात मोठ्या अल निनोची हवा झाली होती आणि त्या पावसाळ्यात तो उभाच राहिला नाही. जूनच्या मध्यानंतरच्या अंदाजाला वजन असतं.

पाचवी पायरी: आपल्या दारातला समुद्र

"मग अल निनो म्हणजे दुष्काळ, एवढं नक्की ना?"

तात्यांनी वही आणली. १९९७चं पान काढलं. त्या वर्षीचा अल निनो विसाव्या शतकातल्या सर्वांत जोरदार दोनांपैकी एक. पेरूच्या सेचुरा वाळवंटात इतका पाऊस झाला की १९९८मध्ये तिथे मोठं सरोवर तयार झालं. आणि भारतात पावसाळा सरासरीच्या १०२ टक्के. मग २००२चं पान. अल निनो मध्यम, वर्तमानपत्रात आतल्या पानावर. जुलैत देशभर पाऊस नेहमीच्या निम्म्यावर आला आणि हंगाम ८१ टक्क्यांवर संपला.

"मोठा वाघ आला आन् काय केलं न्हाई. छोटा आला आन् गोठा रिकामा केला," तात्या म्हणाले.

याची दोन कारणं सांगतात. एक, पाणी नेमकं कुठे तापलं. तापलेला पट्टा मध्य प्रशांतात असेल तर उतरती हवा भारतावर जास्त येते. अगदी पूर्वेला, पेरूकडे, असेल तर कमी. २००२चा मधला होता, १९९७चा पूर्वेकडचा. दुसरं कारण हिंदी महासागर. त्याचाही एक छोटा हौद आहे: एक काठ आफ्रिकेचा, दुसरा सुमात्राचा. कधी आफ्रिकेकडचा काठ तापतो आणि सुमात्राकडचा गार पडतो. त्याला धन द्विध्रुव म्हणतात. तो १९९९मध्ये शास्त्रज्ञांनी नीट मांडला. तसं झालं की आपल्याकडे ओल येण्याला बळ मिळतं आणि प्रशांताचं झाकण काही अंशी उचललं जातं. १९९७ला तो जोरात होता. २०१९लाही होता, त्या वर्षी देशात ११० टक्के पाऊस झाला आणि महाराष्ट्रात ऑक्टोबर संपेपर्यंत काढणीला आलेली पिकं भिजत राहिली. द्विध्रुवाचा आकडा ०.४ अंशाच्या वर टिकला तर धन समजतात.

पण त्याच्या भरवशावर निजू नका. द्विध्रुव बहुतेक उशिरा, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, जोर धरतो. फुलोऱ्याला पाणी हवं असतं ऑगस्टमध्ये.

ला निना म्हणजे उलट बाजू: वारा जोरात, इंडोनेशियाकडे जास्त गरम पाणी, आपल्याकडे पाऊस बरा. २०२० ते २०२२ सलग तीन वर्षं तो होता. तात्यांची वही त्या वर्षांत भिजलेल्या सोयाबीनच्या नोंदींनी भरलेली आहे. पुढे बोलायला नको.

सहावी पायरी: देशाची टक्केवारी आणि आपलं शिवार

एप्रिल २०२३मध्ये आपल्या हवामान खात्याने देशासाठी ९६ टक्क्यांचा अंदाज दिला होता, शेवटी झाला ९४. अंदाज म्हणून उत्तम. पण हे १०० टक्के म्हणजे अख्ख्या देशाचे जून ते सप्टेंबरचे ८७ सेंटिमीटर. आमच्या मराठवाड्याचे असतात साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास. देश ९४ असताना आपलं शिवार ६० असू शकतं.

"कोकणात दहा-वीस टक्के कमी झालं तर भात येतो," तात्या म्हणाले. "वाऱ्याला सह्याद्री आडवा येतो, त्याला चढावंच लागतं. आपण डोंगराच्या पाठीला. आपल्याला पाऊस मिळतो तो बंगालच्या उपसागरातनं येणाऱ्या कमी दाबामुळं. त्यो वरच्या अंगानं गेला की आपण कोरडे."

२०१४ आणि २०१५, दोन्ही वर्षी मराठवाड्यात हंगामाचा पाऊस सुमारे ४० टक्के कमी पडला. २०१५ला जोरदार अल निनो होता. २०१४ला नव्हता. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी, एप्रिल २०१६मध्ये, मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. तेव्हा अल निनो नाही म्हणून निर्धास्त राहणं ही उलट बाजूची चूक. १९५० पासूनच्या अल निनोच्या वर्षांत ढोबळमानाने निम्म्याहून काही जास्त वर्षी पाऊस कमी झाला. म्हणजे खेळातले फासे जड झाले. दान ठरलेलं नाही.

म्हणून शेवटी बघायचं ते जवळचं. हवामान खातं दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा विभागवार नकाशा काढतं. त्यातले पहिले दोन आठवडे कामाचे, उरलेले दोन दिशा दाखवण्यापुरते. मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला येतो. प्रशांताची बातमी हंगामाचा आराखडा ठरवायला, गुरुवारचा नकाशा आठवड्याचं काम ठरवायला. हे दोन उलटे वापरले की दुबार पेरणी ठरलेलीच.

सातवी पायरी: मग पेरलं काय आणि पाणी दिलं कधी

माझा बेत असा होता: सहाही एकर सोयाबीन, शंभर-एकशेपाच दिवसांचं वाण, पहिल्या पावसाला पेरणी. तात्यांनी तो असा बदलला.

पेरणीची तारीख पावसाच्या मापावर. शिवारात ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन वीतभर ओल उतरल्याशिवाय तिफण न्यायची नाही. "धुळीत पेरून आभाळाकडं बघणं सोड," एवढंच म्हणाले. जूनच्या शेवटी पाऊस धरला, माप पुरं व्हायला जुलै उजाडला आणि मी ६ जुलैला पेरलं.

अख्खं सोयाबीन न करता चार ओळी सोयाबीन, दोन ओळी तूर. तूर खोल मुळांची. ऑगस्टचा खंड ती सोसते आणि सप्टेंबरच्या पावसावर उठते. अल निनोच्या वर्षी पाऊस शेवटाकडे सरकण्याची शक्यता असेल, तर त्या पावसाचा फायदा घेणारं काहीतरी रानात उभं पाहिजे. वाण नव्वद दिवसांच्या आतलं घेतलं. पेरणी रुंद वरंबा सरी यंत्राने: सरीत पावसाचं पाणी मुरतं आणि जास्त झालं तर निघूनही जातं.

मग पाण्याचा हिशोब, जो मला कुणी शिकवला नव्हता. एका एकराला ४० मिलिमीटर पाणी तुषार संचाने द्यायचं तर लागतं साधारण १ लाख ६० हजार लिटर. माझं शेततळं ३० बाय ३० मीटर, ३ मीटर खोल. बाजू उतरत्या असल्याने काठोकाठ भरलं तर जवळपास २० लाख लिटर. जुलैअखेर ते निम्मं भरलं होतं, म्हणजे हाताशी १० लाख. त्यातून उन्हा-वाऱ्याने रोज तीन-चार हजार लिटर उडतं. सहा एकरांची एक पाळी ९ लाख ६० हजारांची. म्हणजे सगळ्यांना एकदाच, किंवा थोड्यांना दोनदा.

जुलै २०२३ देशात सरासरीपेक्षा १३ टक्के जास्त पडला. ग्रुपवर "अल निनो गेला" असा जल्लोष झाला. ऑगस्ट लागला आणि झाकण बसलं. पावसाचा पट्टा हिमालयाच्या पायथ्याला गेला. हिमाचलात डोंगर कोसळत होते आणि आमच्याकडे ते कापसाचे पुंजके. देशातला तो १९०१ नंतरचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, पाऊस ३६ टक्के कमी. माझं पीक तेव्हा चाळिशीत होतं, ऐन फुलोऱ्यात.

"पानं दुपारी मान टाकतात," मी तात्यांना म्हणालो. "आज पाणी सोडू?"

"दुपारी सगळीच टाकतात. सकाळी सातला जाऊन बघ. सकाळीबी उठली नसली तर उशीर झालाय. त्याच्या आधी दोन दिवस ती वेळ असती. आन् काळ्या रानाला भेगा मोठ्या होऊ देऊ नको, मग निम्मं पाणी भेगांतच जातं."

त्या गुरुवारच्या नकाशात पुढचे दोन्ही आठवडे मराठवाड्यावर कमी पावसाचा रंग होता. थांबण्यात अर्थ नव्हता. सहा एकरांपैकी दोन एकर खोल काळ्या मातीचे, ते सोडले. उरलेल्या चार मुरमाड एकरांना एक पाळी दिली, ६ लाख ४० हजार लिटर. राहिलेल्यातून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात शेंगा भरताना एका एकराला दुसरी पाळी कशीबशी झाली, आणि तळ्याचा तळ दिसला. माझी चूक इथे झाली: तळ्याला कागद नव्हता, आणि झिरपा मी हिशोबात धरलाच नव्हता. तात्यांनी जुलैतच काठावर खुंटी ठोकून रोज पातळी मोजायला सांगितलं होतं. मी आठवड्याने विसरलो.

सप्टेंबरात पाऊस परतला, देशात सरासरीपेक्षा १३ टक्के जास्त. द्विध्रुवही तोवर धन झाला होता. सोयाबीनला त्याचा उपयोग थोडाच झाला. पाणी न दिलेल्या दोन एकरांत शेंगा होत्या, दाणे बारीक. तूर मात्र उभी राहिली. ऑक्टोबरच्या शेवटी राज्य सरकारने चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला.

हरभरा पेरायचा म्हणून मी बियाण्याची चौकशी करत होतो, तेव्हा तात्या सळई घेऊन आले. रानात चार ठिकाणी खुपसली. काळ्या दोन एकरांत ती दोन फूट गेली, मुरमाडात फूटभरावर अडली.

"इथं हरभरा," काळ्याकडे बोट करून म्हणाले, आणि मुरमाडाकडे वळून, "इथं करडी. तीबी ओल हाय तवरच, या आठवड्यात."